तुटक्या अक्षरांच्या आडोशाला

बाबांनी फोन टेबलावर ठेवला, घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "बस बयो, बस. आता आपलं पुस्तक बोलणार आहे."

पुस्तक बोललं, पण काय बोललं! फोनमधली बाई ठणठणीत आवाजात सुरू झाली, "त्या, इ, दवशी दुकानात, इ, ग, हाईक, न, हतं. मी दशरनी काचेपाशी बसून, इ, वचार करत होतो." खरं वाक्य साधं सरळ होतं: त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी दर्शनी काचेपाशी बसून विचार करत होतो. ते त्या बाईच्या तोंडून अशा थाटात बाहेर पडत होतं की जणू चूक तिची नाही, ऐकणाऱ्याच्या कानांची आहे.

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "माझंच पुस्तक ना हे? का दुसरंच काही लागलं?"

"तुमचंच आहे, बाबा," ताई म्हणाली.

तिला फोनच्या पडद्याकडे बघायचीही गरज नव्हती, पण बघितलं. वाटलं होतं तेच होतं. शब्दाच्या आधी लटकलेली वेलांटी, तिच्या आडोशाला ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ. रफार आपलं अक्षर सोडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसलेला. जोडाक्षरांच्या जागी नुसती भगदाडं. असल्या मजकुराशी तिचं रोजचं भांडण होतं. छपाईच्या एका दुकानात ती बावीस वर्षं मजकूर टाइप करून पानं लावायचं काम करत होती, आणि पीडीएफमधून उचलून आणलेला मराठी मजकूर घेऊन दिवसाला दोन गिऱ्हाइकं तरी उगवायचीच. "ताई, सगळं टाइप करून आणलंय हो, फक्त छापायचंय," म्हणायची आणि असला चुराडा समोर ठेवायची. तिला तिथे सगळे ताईच म्हणायचे, दहा वर्षांनी मोठे असलेले मालकसुद्धा. इकारांची जागा बदलायला तिने चार युक्त्या बसवून ठेवल्या होत्या, पण जे अर्धं अक्षर कॉपी करतानाच गळून गेलं ते कुठल्याही युक्तीनं परत येत नाही, ते छापील पान शेजारी ठेवून डोळ्यांनीच भरावं लागतं, हेही तिला पाठ होतं.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आणि नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. गेल्या महिन्यात ते अंधांसाठीच्या वर्गात जायला लागले आणि तिथल्या मास्तरांनी त्यांना फोनवर बोट फिरवून वाचायला शिकवलं. मास्तर स्वतःही जन्मापासून अंध. "सगळं निवडा, कॉपी करा, फोनमधल्या वहीत पेस्ट करा आणि ऐका," असं त्यांनी शिकवलं, आणि बाबांनी पहिल्यांदा काय पेस्ट केलं असेल तर आपलं पुस्तक. ताईनंच घरच्या मंडळींना पाठवलेली त्याची पीडीएफ त्यांच्या फोनवर होती.

"पहिलं पान खराब असेल," बाबा म्हणाले. त्यांचा धीर कधी लवकर सुटत नसे. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवणारा माणूस तो. "जरा अकरावं लाव. मला अकरावंच ऐकायचंय."

ताईनं फोन जवळ ओढला. तिने बोट फिरवलं. आकडे कधी तुटत नाहीत, त्यामुळे ‘११’ लगेच सापडलं. फोनमधली बाई पुन्हा सुरू झाली. मोडक्यातोडक्या शब्दांमधून ज्यांना वेलांटी नाही, रफार नाही, असे शब्द धड बाहेर येत होते. दुकान. हात. सकाळ. पाणी.

बाबा कान लावून ऐकत होते. "हे अकरावंच ना?"

"हो," ताई म्हणाली.

ते अकरावं नव्हतं. ते बारावं होतं. अकरावं पुस्तकात नव्हतंच. ते तिने काढून टाकलं होतं आणि पुढच्या प्रकरणांचे आकडे एकेक पायरी खाली उतरवले होते. सात महिन्यांपूर्वी साठ प्रती छापून, बांधून, नातेवाइकांत वाटून झाल्या होत्या. बाबांच्या हातात पहिली प्रत दिली तेव्हा त्यांनी पानांवरून हात फिरवला होता, वास घेतला होता आणि विचारलं होतं, "सगळं आलं ना गं?" तेव्हाही ती "हो"च म्हणाली होती. आणि आता या चुराड्यानं तिला वाचवलं होतं. याबद्दल तिला जे वाटलं तो आनंद होता, आणि त्या आनंदाची तिला तिथल्या तिथे लाज वाटली. पण वाटला होता, हे खोटं नाही.

*

आता तिने असं का केलं, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला उगाच नावं ठेवाल.

ती सतरा वर्षांची असताना कॉलेज सुटल्यावर बाबांच्या दुकानात बसायची. एके दिवशी एका बाईंचं दुरुस्तीला आलेलं मनगटी घड्याळ सापडेना. बारीक सोनेरी पट्ट्याचं, नाजूक. बाई घ्यायला आल्या, बाबांनी खण उपसले, फडकी झटकली, आणि घड्याळ नाहीच. त्या दिवशी दुकानात दोघंच होती. बाई म्हणाल्या, "आणि ही पोरगी?" बाबा ‘ती माझी मुलगी आहे’ असं म्हणाले नाहीत. त्यांनी तिची पिशवी घेतली आणि काउंटरवर उपडी केली. दोन वह्या, एक कंगवा, अर्धं खाल्लेलं बिस्कीट, आणि मुलीच्या पिशवीत महिन्यातले चार दिवस असतं ते जुनं फडकं. बाहेर उभी असलेली दोन गिऱ्हाइकं बघत होती. घड्याळ पिशवीत नव्हतं, पण त्यानं काय होतंय? बाबांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून त्या बाईंना दिलं, हात जोडले, आणि घरी येईपर्यंत मुलीशी एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर त्या विषयावर कधीच बोलले नाहीत.

ते बोलले नाहीत, पण नातेवाईक बोलले. आत्याला तर जिभेला हाडच नव्हतं. लग्नकार्यात ताई दिसली की ती हातातल्या बांगड्या मागे सारायची आणि म्हणायची, "आली गं बाई! घड्याळं सांभाळा आपापली!" सगळे हसायचे, ताईही हसायची. बत्तीस वर्षं हसली.

मग बाबांनी आयुष्याची गोष्ट सांगायला घेतली. ताईनं त्यांना मोठ्या बटणांचा रेकॉर्डर आणून दिला. ती कामावर गेली की ते घरी एकटेच बसून बोलायचे, आणि संध्याकाळी ती तो आवाज कॉम्प्युटरवर घेऊन कानाला लावून टाइप करायची. दहा प्रकरणं झाली. अकराव्याला बटण दाबलं आणि कानात बाबा म्हणाले, "आमच्या दुकानातून एकदा एका गिऱ्हाइकाचं घड्याळ गेलं. त्या दिवशी दुकानात माझ्याशिवाय एकच माणूस होतं. माझी मुलगी." मग पिशवीचं आलं. वह्या, कंगवा. बाबांना सगळं आठवत होतं.

ताईनं कानातलं ओढून काढलं. रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं होतं. तिने जेमतेम तीन ऐकली. तिला एवढंच कळलं की बाबा अजून तिला चोर समजतात, आणि आता हे साठ घरांत छापून जाणार, तेही तिच्याच हातांनी टाइप होऊन. तिने बाराव्याचं बटण दाबलं.

नातेवाइकांचं काय सांगावं! पुस्तक घ्यायचं, हातात धरून फोटो काढायचा, कपाटात टाकायचं. आत्यानं मात्र मुद्दाम फोन केला होता, "दादा, एका बैठकीत वाचून काढलं रे!" बाबांनी घाईघाईनं विचारलं होतं, "अकरावंसुद्धा?" आणि आत्या म्हणाली होती, "अकरावं तर फारच सुंदर!" बाजूला उभी असलेली ताई मनात म्हणाली होती, थापाडी कुठली. त्या दिवशी बाबा बराच वेळ खिडकीपाशी बसून काहीतरी गुणगुणत होते. त्याचा अर्थ ताईला तेव्हा कळला नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुकानात मास्तरांचा फोन आला.

"ताई, तुमच्या वडिलांचं पुस्तक ऐकलं. म्हणजे ऐकायचा प्रयत्न केला." मास्तर हसले. "तुम्ही या धंद्यातल्या, तुम्हाला काय सांगायचं! पीडीएफला आकार कुठे बसवायचा तेवढं कळतं. कागदावर वेलांटी आधी दिसते, म्हणून कॉपी करताना ती आधीच उचलली जाते. आपण मात्र आधी ‘द’ म्हणतो आणि मग त्याचा ‘दि’ करतो. सगळ्याच पीडीएफ असं करत नाहीत, पण आमच्या वाट्याला नेमक्या अशाच येतात. तुमच्याकडे मूळ टाइप केलेली फाईल असेलच. ती पाठवा, झालं काम."

फाईल तिच्या समोरच्या कॉम्प्युटरवर होती. एक बटण दाबायचा अवकाश. पण ती पाठवली की बाबा अकरावं ऐकणार, आणि ते अकरावं नाही हे पहिल्या वाक्यातच त्यांच्या लक्षात येणार.

"मूळ फाईल उडाली हो," ताई म्हणाली. "कॉम्प्युटर बिघडला होता मध्यंतरी." बोलताना तिचे कान तापले. बावीस वर्षांत तिच्याकडून एकही फाईल उडाली नव्हती. मालक चारचौघांत अभिमानानं सांगायचे.

"अरेरे," मास्तर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं, आणि तेच तिला जास्त लागलं. "हरकत नाही. छापील प्रत आहे ना? रविवारी मी येतो. माझ्या फोनवर पानाचा फोटो काढला की तो चित्रावरून अक्षर ओळखतो आणि पुन्हा नीट मजकूर करतो. एखाददुसरी चूक राहील, पण ऐकता येईल. तुम्ही फक्त पानं उलटायला बसा. काका रोज विचारतात हो, अकरावं कधी ऐकू, अकरावं कधी ऐकू. एवढं काय आहे त्यात?"

"काही नाही," ताई म्हणाली. "दुकानातलंच."

फोन ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. समोर कुणाची तरी लग्नपत्रिका उघडी होती. आंधळ्या बापाला आपण बनवतोय, हे तिने स्वतःला पहिल्यांदा इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं. तो छापलेलं बघू शकत नाही म्हणूनच तर आपली हिंमत झाली. डोळस बापाच्या पुस्तकातून आपण एक ओळ तरी काढली असती का? नाही काढली असती, आणि उत्तर इतकं चटकन आलं की तिला मान वर करवेना.

पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं थोडंच आहे! ताईनं आणखी एक लबाडी शोधली. शनिवारी दुपारनंतर दुकान रिकामं असतं. तेव्हा बसायचं, ते अकरावं प्रकरण टाइप करायचं, मूळ फाईलमध्ये त्याच्या जागी घालायचं आणि मास्तरांना म्हणायचं, फाईल सापडली बरं का! मास्तरांना पानांचे फोटो काढावे लागणार नाहीत, बाबा फोनवर आपलं अकरावं ऐकतील, खूश होतील. छापील साठ प्रतींत ते नाही हे त्यांना कधी कळणार नाही. बाबांनी चोर म्हटलेलं चौथ्या माणसाच्या कानावर जाणार नाही. अक्कल बघा!

*

शनिवारी मालक चार वाजता गेले. ताईनं दार लोटलं, कानाला लावलं आणि बटण दाबलं. पिशवीचा भाग तिने दात आवळून टाइप केला. कंगवा टाइप केला. बिस्कीट टाइप केलं. फडक्याचं बाबा बोलले नव्हते, त्याबद्दल तिने मनात त्यांचे आभार मानले. तीन मिनिटं सरली. जिथे तिने गेल्या खेपेला कानातलं ओढलं होतं, तिथून पुढे बाबांचा आवाज हळू झाला.

"दोन वर्षं गेली. एक भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ दुकानात पडून होतं. मालक न्यायलाच आला नाही. शेवटी म्हटलं, साफ तरी करावं. पेटी उघडली. तळाशी, लंबकाच्या खाली, ते सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं."

ताईची बोटं थांबली.

"मीच ठेवलं होतं. त्या दिवशी पोरगी यायच्या आधी पाणी आणायला गेलो, दुकान दोन मिनिटं उघडं राहणार, म्हणून सुरक्षित जागी ठेवलं आणि विसरलो. पोरीनं त्याला हातसुद्धा लावला नव्हता. मी त्या बाईंचा पत्ता शोधत गेलो, त्या गाव सोडून गेल्या होत्या. मग मी घरी आलो. पोरगी अभ्यास करत बसली होती. तिला सांगणार होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, चहा टाक."

रेकॉर्डरमध्ये बराच वेळ नुसती खुर्ची करकरली.

"आज सांगतो, उद्या सांगतो करत तीस वर्षं घालवली. माझी बहीण तिची थट्टा करायची आणि मी तिथेच बसून असायचो. तोंडात गुळणी धरून बसायचो. चोर माझी मुलगी नाही. तिचं नाव मी चोरलं. हे पुस्तक मी घड्याळांसाठी सांगितलेलं नाही, या एका प्रकरणासाठी सांगितलंय. तोंडानं सांगायची हिंमत नाही, म्हणून छापून सगळ्यांना सांगतोय. बयो, हे तू टाइप करत असशील. ते घड्याळ माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे, खालच्या कप्प्यात. पेटीचं कुलूप मी काढून ठेवलंय. तुला मला काही बोलायचं नसलं तर नको बोलूस. ते घड्याळ तेवढं उचल. मी हात लावून बघीन आणि समजेन."

रेकॉर्डिंग संपलं.

ताई टेबलावर डोकं ठेवून रडली, हमसून हमसून. बत्तीस वर्षांचं हसणं एका बाजूला आणि हे सात महिने एका बाजूला, आणि तिला जास्त बोचत होते ते सात महिने. रोज सकाळी चहाआधी बाबा फळीवरची हत्यारांची पेटी चाचपायचे. तिला वाटायचं, जुनी सवय. एकदा ती वैतागून म्हणालीसुद्धा होती, "बाबा, आता काय दुरुस्त करायचंय त्यात? पडेल एखादं हत्यार पायावर!" आणि बाबा "खरंय" म्हणून निमूट बाजूला झाले होते.

*

उरलेलं टाइप करून, प्रकरण फाईलमध्ये घालून ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीपाशी बसले होते. ती चपला न काढताच आत गेली, फळीवरची पेटी खाली घेतली आणि झाकण उघडलं. बिजागरी कुरकुरली. बाबांची मान एकदम वळली.

खालच्या कप्प्यात, घड्याळं पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं ते होतं. तिने ते हातात घेतलं. इतकं हलकं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आज उचललंस," बाबा म्हणाले. "मी आशा सोडली होती. म्हटलं, नाही माफ करणार. बरोबरच आहे. मी पण तीस वर्षं लावली, तिनं सात महिने लावले तर काय झालं."

इथे गप्प बसता आलं असतं. सगळं किती छान जुळत होतं! तिने प्रकरण वाचलं होतं, मनात धुसफुसत होती, आज विरघळली. बाबा तसंच समजून चालले होते. फाईलही तयार होती. तिने फक्त त्यांचा हात हातात घ्यायचा.

"बाबा, मी ते ऐकलंच नव्हतं," ताई म्हणाली. "सुरुवातीचं ऐकलं आणि बंद केलं. मला वाटलं, तुम्ही मला चोर लिहिताय. म्हणून काढून टाकलं. पुस्तकात ते नाहीच. परवा फोनवर ऐकलंत ते बारावं होतं. शब्द तुटत होते म्हणून माझं निभावलं. फाईलही उडालेली नाही. मी मास्तरांशी पण खोटं बोलले."

खुर्चीच्या हातावर बाबांची बोटं काहीतरी शोधत होती.

"नाहीच म्हणजे? कुठल्याच प्रतीत नाही?"

"कुठल्याच नाही."

"म्हणजे सगळ्यांना सांगून मोकळा झालो असं समजून मी सात महिने मान वर करून बसलोय." ते हसायला गेले आणि हसू आलं नाही. "आणि प्रत्यक्षात कुणाला काहीच माहीत नाही. बयो, बयो, काय केलंस गं!"

"चुकले बाबा."

"तू नाही चुकलीस. मी तुला चोर लिहीन असं तुला वाटावं, हेच मी कमावलेलं." त्यांनी हात पुढे केला. "आत्याला फोन लाव. आता तोंडानंच सांगतो. पुन्हा हिंमत होईल न होईल."

तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"दादा! बोल रे!"

"मला तुझ्याशी अकराव्या प्रकरणाबद्दल बोलायचंय."

"अरे, सांगितलं ना तुला तेव्हाच, अप्रतिम आहे! माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"कसं आलं? ते छापलंच नाही."

पलीकडे मागे चालू असलेला नळ कुणीतरी बंद केला.

"माझ्या हातून राहून गेलं," बाबा म्हणाले. "सांगताना गडबड झाली. म्हणून आता ऐक. ते घड्याळ पोरीनं घेतलं नव्हतं. मीच ठेवून विसरलो होतो. दोन वर्षांनी सापडलं, आणि मी कुणालाही सांगितलं नाही. तुलाही नाही. तू तिला चिडवायचीस तेव्हा मी बसून ऐकायचो."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. चारचौघांसमोर मुलीची पिशवी उपडी करणारा हाच माणूस. आज बहिणीसमोर मुलीचा गुन्हा निमूट स्वतःच्या अंगावर घेत होता. तिला हे सहन होईना. तिने फोन उचलला.

"आत्या, त्यांच्या हातून नाही राहिलं. त्यांनी सांगितलं होतं. मी काढलं. त्यांना दिसत नाही म्हणून काढलं."

आत्या म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई, पण त्या दिवशी तिला शब्द शोधावे लागले. "माझी प्रत अजून कागदात गुंडाळलेली आहे गं," ती शेवटी म्हणाली. "मी उघडलीच नाही. दादाला वाईट वाटू नये म्हणून वाचलं म्हणाले." मग थांबून, "आणि तुला मी किती वर्षं... जाऊ दे, फोनवर नाही बोलता येणार मला. उद्या येते."

*

रविवारी मास्तर आले तेव्हा आत्या आधीच येऊन बसली होती, मांडीवर न उघडलेलं पुस्तक घेऊन. ताईनं मास्तरांना दारातच सगळं खरं सांगितलं. मास्तर म्हणाले, "चला, पानांचे फोटो काढायचे वाचले," आणि बाकी काही विचारलं नाही. मूळ फाईल बाबांच्या फोनवर गेली. ती वेलांट्यांसकट, रफारांसकट धड होती.

बाबांनी अकरावं उघडलं. फोनमधली बाई त्याच ठणठणीत आवाजात सुरू झाली, "आमच्या दुकानातून एकदा एका गिऱ्हाइकाचं घड्याळ गेलं." एकही अक्षर तुटलं नाही. आत्यानं मान खाली घातली.

बाबांनी बोटानं फोनमधल्या बाईला थांबवलं. "ही नको," ते म्हणाले. "तू वाच, बयो. तुझ्या तोंडून ऐकू दे आत्याला."

पिशवीपर्यंत ताईचा आवाज नीट चालला. पुढे कंगवा आला, बिस्कीट आलं, आणि ती थांबली. कुणी घाई केली नाही. बाबांनी हत्यारांच्या पेटीवर हात ठेवला होता. तिने डोळे पुसले, आणि जिथे पहिल्यांदा कानातलं ओढून काढलं होतं तिथून पुढे वाचायला लागली.